बाणावरचा त्रिकोण

परातीत फुटाणे पसरलेले, गॅसवर गुळाचा पाक फसफसत होता, आणि ज्योत्स्नाताईंच्या दोन्ही तळहातांना तूप लागलेलं होतं. शनिवार होता. मारुतीला गूळ-फुटाण्याच्या लाडवांचा नैवेद्य दर शनिवारी असतोच, पण आजचा नैवेद्य बोललेला होता. रूपालीचा आज विज्ञान भाग एकचा पेपर. "पोरगी निभून जाऊ दे रे मारुतीराया," म्हणून पहाटे अंघोळ करतानाच त्यांनी बोलून टाकलं होतं.

पाक झाला, फुटाण्यांवर ओतला, गरम गरमच हात चालवायला सुरुवात केली. हे काम थांबून चालत नाही. गार झालं की दगड होतं. चार-पाच लाडू वळून झाले. पुढचा हातात घेतला, आणि बोटं मधेच थांबली.

फुटाणे वेगळे होते. गूळ वेगळा होता. विस्तव लागला, आणि एक झाले.

"अरे देवा," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

यात रसायन काही नव्हतं, हे त्यांना कळत होतं. गूळ गूळच राहतो, फुटाणा फुटाणाच. पण त्या अर्धवट वळलेल्या लाडवानं काल संध्याकाळची एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढे आणून उभी केली. काल रूपाली अकोल्याला भावाकडे मुक्कामाला निघायच्या घाईत सोडवलेला सराव पेपर दाखवायला आली होती. तेव्हाच अकोल्याहून नणंद येऊन टेकली होती, चहा उतू जात होता, आणि ज्योत्स्नाताईंनी उभ्या उभ्या पेन फिरवला होता. तिसरा प्रश्न, अभिक्रियेचा प्रकार ओळखा. लोखंडाचा कीस अधिक गंधक, बाण, बाणावर छोटा त्रिकोण, पुढे आयर्न सल्फाइड. रूपालीनं लिहिलं होतं, अपघटन. आणि त्यांनी त्रिकोण पाहिला, बाकी काही पाहिलं नाही, आणि बरोबरची खूण करून दिली.

दोन पदार्थ आत, एक बाहेर. तो संयोग होता. धडधडीत संयोग.

ज्योत्स्नाताईंची ओळख अकोटात दोन प्रकारची आहे. भाजीबाजारात त्या शेखररावांच्या घरची बाई. शेखररावांचा वांगी आणि संभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, होलसेल धंदा, ते पहाटेच लिलावाला जातात. आणि आमच्या भागातल्या पोराबाळांत त्या 'खुणावाल्या ताई'. अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या, लगेच लग्न झालं, आणि नोकरी राहिली ती राहिलीच. पण शिकवायची खोड काही गेली नाही. संध्याकाळी तुळशीला दिवा लावला की ओसरीवर पोरं जमतात. पाठ करायचं म्हटलं की पोरं पळतात, म्हणून ताई प्रत्येक गोष्टीची खूण काढून देतात. रासायनिक अभिक्रियांच्या खुणा तर त्यांच्या फारच लाडक्या. दोन-तीन मिळून एक झालं, तर गोपाळकाला, म्हणजे संयोग. एकाचे दोन-तीन झाले, तर भावाभावांची वाटणी, म्हणजे अपघटन. एकटंच मूलद्रव्य आलं आणि दुसऱ्या जोडीतल्या एकाला उठवून त्याच्या जागी बसलं, तर एसटीतली रुमाल टाकलेली सीट, म्हणजे विस्थापन. दोन जोड्यांनी आपापसांत जोडीदार बदलले, तर साटंलोटं, म्हणजे दुहेरी विस्थापन. आणि ऑक्सिजन घेऊन पेटलं, उजेड आणि आच निघाली, तर आरतीचा कापूर, म्हणजे ज्वलन.

इतकं सगळं ठीक होतं. पण मागच्या दिवाळीत ओसरीची भिंत रंगवताना त्यांना एक जास्तीची खूण सुचली. बाणावर त्रिकोण असला की उष्णता दिली, हे पुस्तकातलंच. त्यावरून त्यांनी भिंतीवर गेरूनं मोठा त्रिकोण काढला आणि खाली लिहिलं, "चूल दिसली की फुटलं." म्हणजे अपघटन. चुनखडी तापवली की तिचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून. पोरांना ती खूण इतकी आवडली की बाकीच्या पाच मागे पडल्या. बाणाच्या दोन्ही बाजू कोण वाचतं, वर चूल दिसली की झालं.

"काय झालं वो? काहून अशी थांबली?" देवघरापाशी वाती वळत बसलेल्या सासूबाई, माणिकबाई, तिथूनच म्हणाल्या. "पाक गार होऊन राहिला ना."

"आत्याबाई, म्या रूपालीले उलटं शिकवलं."

"काय उलटं?"

"विस्तवानं फुटते असं शिकवलं. विस्तवानं जुडतेही."

माणिकबाईंनी वात खाली ठेवली. "हे तर मलेही माईत हाय बापा. घरात विस्तव असला तं माणसं जुडतेत."

हसायची वेळ नव्हती. ज्योत्स्नाताईंनी तूपकट हातानंच फोन उचलला.

रूपाली म्हणजे मारुतीच्या देवळासमोर फुलांचं दुकान लावणाऱ्या कुंदनची बायको. नववीत असताना शाळा सुटली, लग्न झालं, दोन लेकरं झाली. सासरच्या गावात आशाताईची, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीची, जागा निघणार, दहावी पास पाहिजे, असं कानावर आलं तेव्हा तिनं बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. गेल्या वर्षी बाकी सगळ्यांत पास, विज्ञानात नापास, आणि तेही थोडक्यात. यंदा तेवढा एकच विषय राहिला होता. हार ओवता ओवता ती तोंडानं खुणा म्हणायची, आणि गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, हा कोनता मंत्र वो?" ज्योत्स्नाताईंकडे दहावीची ती एकटीच. तिच्यासाठी पुस्तकापेक्षा ताईचा शब्द मोठा. त्याचंच आता भ्या वाटत होतं.

फोन कुंदननं उचलला.

"ताई, तिचा फोन तं मायाच पाशी हाय. केंद्रावर नेऊ देत नाई म्हणून ठेवून गेली."

"तिच्या भावाचा नंबर?"

"लावून पाहा. पण तो कंपनीत फोन जमा करते. काहून, काई झालं का?"

"काही नाही. तू हार कर."

भावाचा फोन बंद होता. ज्योत्स्नाताई ओसरीवर आल्या, भिंतीकडे पाहिलं, परत आत गेल्या, परत बाहेर आल्या. परीक्षेचं केंद्र अकोल्यात. गाडी वेळेवर मिळाली तर घंटेच्या आधी पोचता येत होतं.

"जाऊ का नको?" त्यांनी विचारलं, पण पिशवी आधीच खांद्याला होती.

"मी म्हणतो नोको जाऊ," माणिकबाई म्हणाल्या. "ऐन वक्ताले जाऊन सांगशीन का शिकवलेलं खोटं हाय, तं पोरीचे हातपाय गळतीन. आहे ते तरी लिहीन ती."

हेही खोटं नव्हतं. तेच तर काट्यासारखं रुतत होतं. तोंड बंद ठेवावं तर त्रिकोण दिसेल तिथे रूपाली अपघटन लिहून येईल, आणि सांगावं तर बाकीचं आलेलंही विसरेल. देवापुढे हात जोडले तरी मन लागेना. "तूच काय ते पाहा," एवढं म्हणून ज्योत्स्नाताई निघाल्या. कढईत उरलेला पाक तोवर कढईलाच बिलगून बसला होता.

स्टँडवर अकोल्याची गाडी लागलेलीच होती. खिडकीतून एका बाईनं रुमाल टाकलेल्या सीटवर ज्योत्स्नाताई चुकून बसल्या, आणि ती बाई मोठी पिशवी घेऊन आली.

"उठा वो बाई. रुमाल दिसत नाई का?"

"दिसला नाही, माफ करा."

"दिसत नाई म्हनते! एवढा लाल रुमाल!"

तिच्या अंगात जोर होता. ताई उठल्या आणि दांडा धरून उभ्या राहिल्या. एरवी घरी जाऊन ही गंमत पोरांना सांगितली असती: जास्त क्रियाशील मूलद्रव्य कमी क्रियाशीलाला असंच उठवतं, निळ्या मोरचुदाच्या पाण्यात जस्त टाकलं की तांब्याला उठवून जस्त तिथे बसतं, निळा रंग उतरत जातो आणि तांबं तळाशी पडतं. आज मात्र त्यांना खुणांचीच धास्ती बसली होती. ही तरी खरी आहे ना? त्यांनी मनात समीकरण मांडलं. डावीकडे एक एकटा आणि एक जोडी, उजवीकडे एक एकटा आणि एक जोडी. आहे, खरी आहे. साटंलोटं? सिल्व्हर नायट्रेट आणि मीठ, दोन जोड्या आत, दोन जोड्या बाहेर, जोडीदार बदललेले, आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका खाली. खरी आहे. मग त्रिकोणाचंच काय बिघडलं? बाकी खुणा बाणाच्या दोन्ही बाजू पाहून ठरवलेल्या होत्या. त्रिकोणाची खूण बाजू न पाहता ठरवली होती. चूल कुठे पेटली तेवढंच तो सांगतो. चुलीवर काय शिजलं, ते नाही सांगत.

वाटेत चोहोट्ट्याला गाडी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. ज्योत्स्नाताईंनी तोंडात नाम धरलं, पण दोन नामांच्या मधे लोखंड आणि गंधक येऊन बसत होते. "ओ भाऊ, पेपर हाय वो!" त्या खिडकीतून ओरडल्या. ड्रायव्हरनं कप हलवून पाहिलं. "तुमचा?" गाडीतली सगळी हसली. रुमालवाली बाई मात्र हसली नाही. तिनं बूड जरा सरकवलं. "या बसा. पेपर म्हनता ना."

केंद्राच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली रूपाली बसलेली दिसली तेव्हा आत सोडायला सुरुवात व्हायची होती. नवी साडी, केसांत स्वतः ओवलेला मोगऱ्याचा गजरा, हातात पट्टी-पेन्सिल. ताईंना पाहून ती ताडकन उभी राहिली.

"ताई! घरी काई झालं का? लेकरं?"

"सगळे बरे आहेत. बस. मायंच चुकलं, तेवढं सांगायले आली."

आणि त्यांनी सांगून टाकलं. लोखंड-गंधकाच्या उत्तराला बरोबरची खूण केली ते चुकलं. त्रिकोणाची खूणच खोटी. त्रिकोण म्हणजे फक्त तापवलं.

रूपाली हळू आवाजात म्हणाली, "मंग बाकीच्या खुना तरी खऱ्या हायेत का?"

माणिकबाई म्हणाल्या होत्या तेच झालं होतं. रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मले आता काईच आठवून नाई राहिलं. संयोग कोनता, अपघटन कोनता. सगयं एक झालं. तुमी येयाले नोको होतं."

ज्योत्स्नाताई तिच्याजवळ मातीतच बसल्या. "खऱ्या आहेत" म्हटलं असतं, तर तो परत ताईचाच शब्द झाला असता, आणि त्या शब्दाचं आज काय झालं ते समोर दिसत होतं.

"मी सांगत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तूच तपास. काढ तो गजरा."

"काय?"

"काढ म्हणतो ना."

रूपालीनं गजरा काढला. तो हातात आला तशी तिची बोटं आपोआप शहाणी झाली. वर्षानुवर्षांची सवय. तिनं दोऱ्याची गाठ सोडली, चार कळ्या ओघळल्या.

"हे काय झालं?"

"गजऱ्याच्या कया झाल्या. एकाच्या लय." ती थांबली. "अपघटन."

"आणि आता परत ओव."

तिनं दोन कळ्या दोऱ्यात घेतल्या. "दोनाचं एक. संयोग."

"मी बाजूले काडी पेटवून धरली तर?"

रूपालीनं ताईंकडे पाहिलं. मग हातातल्या दोऱ्याकडे. मग नाक ओढून म्हणाली, "धरा ना मंग. ओवताना दिवा लावला काय आन नाई लावला काय, ताई, हार तं हारच होते. दिवा पाहून कोनी गिऱ्हाईक पैसे देते का?"

"हेच. हेच तर."

"म्हंजे पयले डावीकडं मोजाचं, मंग उजवीकडं. वरचं नाई पाहाचं."

"वरचं वाच, पण प्रकार बाजू पाहून ठरव."

फाटकावरच्या शिपायानं काठी आपटली. "चला, चला, परीक्षावाले आत." रूपालीनं कळ्या मुठीत घेतल्या, मूठ उघडली, परत बंद केली. दोन पावलं गेली आणि वळली.

"ताई, आन ते मॅग्नेशियमची फीत? ते तं जयते. ऑक्सिजन घेऊन जयते, उजेड पडते. पण दोनाचं एकच होते ना तिथी. मंग ज्वलन लिहू का संयोग?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ताईंच्या ओसरीवरचा एकही प्रकार दुसऱ्याच्या घरात पाय ठेवत नव्हता, भिंतीवर सगळ्यांना चौकटी होत्या. "दोन्ही," त्या म्हणाल्या. "दोनाचं एक झालं म्हणून संयोग, ऑक्सिजनमध्ये जळलं म्हणून ज्वलनही. प्रश्नात काय विचारलं ते पाहा. दोन्ही लिहायची जागा असली तर दोन्ही लिही."

"दोन्ही चालते?"

"चालते."

"हे तं मंग सोपं नाई राहिलं," रूपाली म्हणाली आणि आत गेली.

फाटक लागलं. ज्योत्स्नाताई रसवंतीच्या बाकड्यावर बसल्या, उठल्या, रस्त्याच्या कडेच्या लहानशा मारुतीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. नैवेद्याचा एकही लाडू बरोबर घेतला नव्हता. रिकाम्या हातानं काय मागायचं? आणि मागायचं तरी काय? पोरगी पास होऊ दे, की आपली चूक कोणाला लागू नये? या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि दुसरीच जास्त जोरानं मनात येत होती, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी नुसता नमस्कार केला, काही मागितलं नाही, आणि परत बाकड्यावर आल्या. रसवंतीवाला म्हणाला, "बाई, तिसऱ्यांदा बसून राहिल्या तुमी. एक गिलास तरी घ्या." त्यांनी घेतला. तो कसा लागला ते त्यांना सांगता आलं नसतं.

पेपर सुटला आणि पोरापोरींच्या लोंढ्यात रूपाली दिसली. हसत नव्हती, रडतही नव्हती. जवळ येऊन तिनं प्रश्नपत्रिकाच पुढे केली.

"पाहा. एकाखाली एक देल्ले त्यायनं. पयले चुनखडी, वर त्रिकोन. तिच्याखाली लोखंड आन गंधक, वर त्रिकोन."

ज्योत्स्नाताईंनी त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "मग?"

"पयले तं हात अपघटन, अपघटन असाच चालला होता. मंग डावीकडं मोजलं. चुनखडी एकटी, पलीकडं दोन झाले, चुना आन वायू. अपघटन. लोखंड-गंधक दोन, पलीकडं एकच. संयोग. खाली विचारलं होतं, कारन सांगा. मले वाटलं हाराचं लिहाव." ती आता जराशी हसली. "नाई लिहिलं. अभिकारकं दोन, उत्पादित एक, असं लिहिलं."

"आणि बाकी?"

"मिथेनचं ज्वलन लिहिलं. कार्बन डायऑक्साइड आन पानी निंघालं ना बाहेर. जस्ताचं विस्थापन लिहिलं. पन लोखंडाच्या गंजाचं सोडून देल्लं. आन भिंगाचं गनित चुकलं वाटते." तिनं पत्रिका घडी केली. "पास होईन का नाई, मले नाई सांगता येत, ताई."

"मलाही नाही."

"तुमी सकायी आल्या नसत्या तं मी दोन्हीकडं अपघटनच लिहिलं असतं. आन आल्या म्हनून अर्धा घंटा माया हात लटलट कापत होता. भिंगाचं तिथीच चुकलं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, सकाळी एका हारात किती फुलं गेली ते सांगावं, तसं तिनं सांगितलं. "घ्या," म्हणून तिनं मूठ उघडली. आत त्या चार कळ्या होत्या, घामानं पिवळट पडलेल्या. "परीक्षेत कोनी पाहिलं असतं तं कॉपी म्हनलं असतं का हे?"

ज्योत्स्नाताईंनी कळ्या घेतल्या आणि पदरात बांधल्या. भिंगाचे गुण आपल्यामुळे गेले की काय, हे निकाल लागेपर्यंत आपल्याला टोचत राहणार, हे त्यांना तिथेच कळलं. गुणपत्रिकेवरूनही ते कळायचं नाही. त्यावर नुसता एक आकडा असतो.

परतीच्या गाडीत दोघींना सीट मिळाली. रूपाली खिडकीला डोकं टेकून झोपली. चोहोट्टा मागे पडलं तरी ज्योत्स्नाताईंच्या पायाची चुळबुळ थांबेना. संध्याकाळी ओसरीवर आठवी-नववीची पोरं येतील, पाठ टेकून बसतील, आणि त्यांच्या डोक्यावर तो गेरूचा त्रिकोण असेल. घरात कढईला चिकटलेला पाक खरवडायचा होता, राहिलेले लाडू वळायचे होते, मारुतीचं देणं राहिलं होतं. पण ते सगळं नंतर. स्टँडवर उतरल्या उतरल्या, दिवेलागणीच्या आत, आधी हार्डवेअरच्या दुकानातून भिंतीसाठी चुन्याची पुडी आणायची होती.